सोरायसिस म्हणून बरे न होणारे जाड पोपडे : अंथरुणाला खिळलेल्या माणसातली खरूज

प्रश्न : डॉक्टर, आम्ही तासगाव तालुक्यातले. आमचे आण्णा (वय ७४, वजन ४५ किलो) दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाल्यापासून अंथरुणावर आहेत, उजवी बाजू लुळी आहे. आठ महिन्यांपासून उजव्या हाताच्या बोटांवर, कोपरावर, कुल्ल्यांवर आणि तळपायांवर पांढरट-पिवळे जाड पोपडे धरलेत, नखंही जाड झालीत. सोरायसिस म्हणून क्लोबेटासोल मलम आणि दर आठवड्याला मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे. सुरुवातीला बरं वाटलं, आता वाढतच चाललंय. ते फारसं खाजवत नाहीत. पण गेल्या महिन्यापासून मला, बायकोला आणि आण्णांना सांभाळायला येणाऱ्या मावशींना रात्री बोटांच्या बेचक्यांत प्रचंड खाज सुटते. याचा आण्णांच्या आजाराशी काही संबंध असेल का?

उत्तर :

संबंध असण्याची शक्यता फार मोठी आहे. सोरायसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एकाच घरातल्या तिघांना, त्यातही रक्ताचं नातं नसलेल्या मावशींना, एकाच सुमारास आणि एकाच जागी रात्रीची खाज सुटते, तेव्हा आधी खरजेचा विचार करायचा. आण्णांना जे झालं आहे ते बहुधा क्रस्टेड स्केबीज, म्हणजे पोपडे धरणारी खरूज आहे आणि ती त्यांच्याकडून तुम्हाला आली आहे. हे लिहून ठरत नाही, पोपडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरतं. ती तपासणी याच आठवड्यात करून घ्या. ती होईपर्यंत क्लोबेटासोल लावणं थांबवा. मेथोट्रेक्सेटचा पुढचा डोस देण्याआधी ज्यांनी तो सुरू केला त्या डॉक्टरांना ही शंका कळवा आणि तो थांबवायचा का ते विचारा.

खरूज म्हटलं की आपल्याला बारीक पुटकुळ्या आणि रात्रभर खाजवणारा माणूस आठवतो. नेहमीच्या खरजेत अंगावर जेमतेम दहा-पंधरा माद्या असतात. त्या त्वचेच्या वरच्या थरात बोगदे करून अंडी घालतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते म्हणून खाज सुटते. खाजवताना नखांनी बरेच किडे आणि बोगदे खरवडले जातात, त्यामुळे संख्या आटोक्यात राहते. म्हणजे ती त्रासदायक खाजच माणसाला वाचवत असते.

आण्णांच्या बाबतीत ही दोन्ही कुलपं तुटलेली आहेत. उजवा हात हलत नाही. त्या बाजूला खाज जाणवली तरी खाजवता येत नाही, आणि पक्षाघातानंतर तिथली संवेदनाही कमी झालेली असू शकते. वर क्लोबेटासोलने त्वचेची आणि मेथोट्रेक्सेटने एकूण शरीराची प्रतिकारशक्ती दबली. मग किड्यांना कोणी अडवत नाही. दहा-पंधराचे हजारो होतात, कधी लाखांवर जातात. त्वचा त्यांना उत्तर म्हणून जाड थर बनवत राहते आणि त्या थरातच किडे राहतात. तुम्ही पोपडे उजवीकडे जास्त असल्याचं लिहिलं आहे. मला तो तपशील फार महत्त्वाचा वाटतो. सोरायसिसला लुळी बाजू कोणती याच्याशी काही देणंघेणं नसतं, पण खाजवता न येणाऱ्या बाजूला किडे साठणं अगदी स्वाभाविक आहे.

या प्रकाराला नॉर्वेजियन स्केबीज असंही म्हणतात, कारण १८४८ साली नॉर्वेमध्ये डॅनिएल्सन आणि बोएक यांनी कुष्ठरुग्णांमध्ये त्याचं वर्णन केलं. तिथेही बधिर हातपाय हाच धागा होता. आज आपल्याकडे तो दिसतो तो पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत, एचआयव्हीबाधितांत, मूत्रपिंड बदललेल्यांत, कॅन्सरच्या उपचारात असलेल्यांत आणि महिनोन्महिने स्टेरॉइड घेणाऱ्यांत. काही वेळा यातलं एकही कारण सापडत नाही. म्हणून पोपड्यांत किडे सापडले की रक्तातली साखर आणि एचआयव्ही या दोन तपासण्या मी करायला सांगतो. आण्णांच्या बाबतीत कारण डोळ्यांसमोर असलं तरी त्या करून घ्याव्यात.

हा आजार सोरायसिस समजला जातो यात कोणाचा फार मोठा निष्काळजीपणा नसतो. दोन्हींत कोपर, गुडघे, तळवे, टाळू या जागा येतात, दोन्हींत खपल्या सुटतात आणि नखं जाड होतात. चकवणारी दुसरी गोष्ट म्हणजे स्टेरॉइड मलम लावल्यावर पहिले काही आठवडे खरंच बरं वाटतं. लाली आणि खाज कमी होते, कारण ती प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया असते आणि स्टेरॉइड तीच दाबतं. किडे मात्र वाढत राहतात. म्हणून ‘आधी बरं वाटलं, मग पसरलं’ ही हकिगत ऐकली की सावध व्हायचं.

नीट पाहिलं तर फरक दिसतो. सोरायसिसची खपली चंदेरी, पापुद्र्यासारखी सुटते आणि तिच्याखाली लालबुंद, स्पष्ट कडेचा चट्टा असतो. क्रस्टेड खरजेचा पोपडा मळकट, पिवळसर-राखाडी, रवाळ असतो, वाळू चिकटून घट्ट झाल्यासारखा. त्याला भेगा पडतात आणि हलवलं की चादरीवर भुसा पडतो. सोरायसिस सहसा बोटांच्या बेचक्या सोडून देतो. खरूज मात्र बेचक्या, मनगटाची आतली बाजू, काखेच्या कडा, बेंबीभोवती, पुरुषांचं जननेंद्रिय या जागा धरते. सोरायसिसच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात. खरजेत नखाच्या खाली भुसभुशीत थर साठून नख वर उचललं जातं. इसबात जागा ओलसर असते, खाज बहुतेक वेळा तीव्र असते आणि इतका दगडासारखा थर क्वचितच बसतो. यातली कुठलीही एक खूण निर्णायक नाही. खाज कमी आहे म्हणून खरूज नाही, हा निष्कर्ष मात्र कधीच काढू नये. क्रस्टेड प्रकारात खाज नसणं हे त्याचं नेहमीचं रूप आहे. काहींना तीव्र खाज असते, तीही त्याच्या विरोधात जात नाही.

तपासणी सोपी आणि स्वस्त आहे. मिरजेच्या किंवा सांगलीच्या शासकीय रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात, किंवा जवळच्या कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे ती होऊ शकते. डॉक्टर नखाखालून, बेचकीतून आणि कोपरावरून अशा तीन-चार जागांचा जाड पोपडा बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात. त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि थर विरघळायला थोडा वेळ देतात. मग कमी शक्तीच्या भिंगाखाली आठ पायांचे गोल किडे, अंडी आणि अंड्यांची कवचं दिसतात. नेहमीच्या खरजेत तपासणी रिकामी निघाली तरी आजार नाकारता येत नाही, कारण किडेच थोडे असतात. क्रस्टेड प्रकारात ते ढिगाने असतात. त्यामुळे तीन-चार जागांचे जाड पोपडे नीट तपासूनही काहीच दिसलं नाही, तर निदानाचा पुन्हा विचार करायला हवा.

इथे एक व्यावहारिक अडचण वारंवार येते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडची तपासणी बहुतेक वेळा बुरशीसाठी पाठवली जाते. चिठ्ठीवर फक्त ‘फंगससाठी’ लिहिलेलं असेल तर तंत्रज्ञ थेट मोठ्या शक्तीच्या भिंगाखाली धागे शोधतो आणि ‘बुरशी नाही’ असा अहवाल देतो. चिठ्ठीवर ‘खरजेचे किडे व अंडी पाहावीत’ असं स्पष्ट लिहून घ्या. त्वचेचा तुकडा काढून तपासायचं ठरलं तर वरचा पोपडा तुकड्यावर राहू द्यायला सांगा. किडे त्या थरात असतात. धुऊन, घासून स्वच्छ केलेल्या जागेचा तुकडा पाठवला तर खालची जाड झालेली त्वचा हुबेहूब सोरायसिससारखी दिसते आणि अहवालही तसाच येऊ शकतो. आण्णांना हलवणं शक्य नसेल तर घरी येणाऱ्या डॉक्टरांनी पोपडे घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवले तरी चालतात. जाण्याआधी फोन करून शंका सांगा. रांगेत इतरांच्या शेजारी बसवण्याऐवजी वेगळं पाहता येईल, आणि स्ट्रेचरवर टाकलेली चादर परत कोणाला वापरली जाणार नाही.

आता निदान पक्कं झालं असं धरून उपचार कसे चालतात ते सांगतो. औषधं तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच आणायची. आकडे देतो आहे ते एवढ्यासाठी की चिठ्ठीत नेहमीच्या खरजेचा उपचार लिहिला गेला, तर तुम्हाला विचारता यावं. सर्वाधिक अपयश तिथेच येतं. एक गोळी आणि एक रात्र मलम हा उपचार दहा-पंधरा किड्यांसाठी आहे, इथे तो पुरत नाही.

मुख्य गोळी आयव्हरमेक्टिन. तिचं प्रमाण दर किलो वजनाला २०० मायक्रोग्रॅम. आण्णांच्या ४५ किलोला ते ९ मिलिग्रॅम येतं, म्हणजे एक ६ ची आणि एक ३ ची गोळी. खरजेसाठी ती जेवणानंतर द्यायची, म्हणजे जास्त प्रमाणात रक्तात शोषली जाते. ही गोळी चालते-फिरते किडे मारते, अंडी मात्र मारत नाही. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि त्यातून निघालेला किडा दहा-चौदा दिवसांत पूर्ण वाढतो. त्यामुळे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. सौम्य प्रकारात पहिला, दुसरा आणि आठवा असे तीन दिवस. मध्यम प्रकारात पहिला, दुसरा, आठवा, नववा आणि पंधरावा असे पाच. तीव्र प्रकारात त्यावर बाविसावा आणि एकोणतिसावा दिवस मिळून सात. किती अंग व्यापलं आहे, थर किती जाड आहे, भेगा आणि पू आहे का, आधी असं झालं होतं का, यावर डॉक्टर प्रकार ठरवतात. तुमच्या वर्णनावरून आण्णांना पाचच्या खाली थांबता येणार नाही, आणि सातही लागू शकतात. पक्षाघातानंतर त्यांना वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, कारण आयव्हरमेक्टिनसोबत तिचा परिणाम वाढल्याच्या नोंदी आहेत. रक्त गोठण्याची तपासणी मध्येच करून घ्यावी लागेल. यकृताचा आजार असेल तोही सांगा.

एवढ्या गोळ्या देऊनही फक्त गोळीवर भागत नाही. जाड पोपड्यात आणि नखात रक्त फिरत नाही, तिथे गोळी पुरेशी पोचत नाही. बाहेरून मलम हवंच. त्यासाठी पर्मेथ्रिन ५ टक्के. पहिल्या आठवड्यात ते एक दिवसाआड रात्री लावायचं आणि नंतर पोपडे पूर्ण जाईपर्यंत आठवड्यातून दोनदा. काही डॉक्टर पहिले सात दिवस रोज लावायला सांगतात, तेही योग्य आहे. एका वेळी साधारण ३० ग्रॅम, म्हणजे छोटी ट्यूब संपायला हवी. पहिल्या आठवड्यात चार वेळा आणि पुढचे चार आठवडे दोनदा असं धरलं तर बारा वेळा होतात, म्हणजे ३६० ग्रॅम. औषध सुरू करण्याआधीच हा हिशोब डॉक्टरांना दाखवा. दोन ट्यूब आणून पुरवून पुरवून लावण्याने महिना वाया जातो.

नेहमीच्या खरजेत मोठ्या माणसाला मानेच्या खाली मलम लावतात. क्रस्टेड प्रकारात डोक्यापासून लावायचं : टाळू, कपाळ, कानांच्या मागे आणि कानाच्या पाळीच्या खाचा, मान. डोळे आणि ओठ सोडून द्यायचे. नखं पूर्ण बारीक कापा. कापलेले तुकडे कागदात गुंडाळून पिशवीत बंद करा. नखाच्या कडेखाली मऊ जुन्या टूथब्रशने मलम भरा आणि ब्रश नंतर फेकून द्या. मलम आठ ते चौदा तास अंगावर राहिलं पाहिजे. अंथरुणावरच्या माणसाच्या बाबतीत इथेच फसगत होते. रात्री डायपर बदलताना कुल्ले पुसले जातात, पाणी पाजताना हात धुतले जातात, आणि तिथलं मलम निघून जातं. जिथे पुसलं तिथे लगेच पुन्हा लावायचं. बोटांच्या बेचक्या आणि कुल्ल्यांची फट या जागा डोक्यात ठेवून मावशींना तसं सांगून ठेवा.

पोपडा जाड असताना मलम त्याच्या वरच राहतं, म्हणून तो मऊ करून उतरवणं हा उपचाराचा तिसरा पाय आहे. पर्मेथ्रिन नसेल त्या दिवशी कोमट पाण्याच्या ओल्या कापडाने पंधरा-वीस मिनिटं भिजवा, मग मऊ फडक्याने जेवढं सहज सुटेल तेवढंच पुसून घ्या, आणि त्यावर युरिया असलेलं मलम लावा. तळपायांच्या जाड थराला डॉक्टर सॅलिसिलिक ॲसिडचं ५ ते १० टक्क्यांचं मलम देतात. ते मोठ्या भागावर पसरू नका. वृद्धांत, त्यातही मूत्रपिंड कमजोर असेल तर, ते शोषलं जाऊन मळमळ, कानात आवाज, गुंगी असं विष चढू शकतं. वजरीने घासणं, पिनेने उचकटणं, कोरडा पोपडा ओढून काढणं हे अजिबात नको. प्रत्येक ओरखडा जंतूंना दार उघडून देतो.

जुन्या चिठ्ठीवरून कोणी गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइडचं लोशन सुचवलं तर आण्णांना ते लावू नका. भेगाळलेल्या त्वचेतून ते रक्तात जातं आणि फिट येऊ शकते. आपल्या भागात द्राक्षबागेमुळे घरोघरी कीटकनाशकांच्या बाटल्या असतात. त्यातलं काहीही अंगाला, चादरीला किंवा खोलीत वापरायचं नाही, पातळ करूनही नाही. करंज तेल, कडुलिंबाचं पाणी, हळदीचा लेप यांनी त्वचेला आराम वाटेल, पण एवढ्या थरातले किडे त्यांनी संपत नाहीत.

घरच्यांचा उपचार आण्णांच्या पहिल्या डोसच्याच दिवशी झाला पाहिजे. तुम्ही, तुमची पत्नी, मावशी, घरातली सगळी माणसं, मग खाज असो वा नसो. पहिल्यांदा लागण होते तेव्हा खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे आज ज्याला काही नाही तो उद्याचा रुग्ण असतो. मोठ्यांनी मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत पर्मेथ्रिन रात्रभर लावायचं आणि सात दिवसांनी पुन्हा. लहान मुलांना डोकं आणि चेहराही धरून, डोळे-तोंड सोडून. गरोदर बाई आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाचं मूल यांना आयव्हरमेक्टिन नाही, मलमच. मावशी आणखी कोणाच्या घरी म्हाताऱ्या माणसाला सांभाळायला जात असतील तर त्या घराला कळवावं लागेल. त्यांना दोष लागू नये म्हणून ते फोन तुम्ही स्वतः करा. त्या इथूनच घेऊन गेल्या आहेत. मागच्या दीड-दोन महिन्यांत मुक्कामाला येऊन आण्णांची सेवा करून गेलेली बहीण किंवा आत्या कराडला असो की जतला, तिच्या घरीही हाच उपचार.

नेहमीच्या खरजेत कपड्यांवरून लागण क्वचित होते. इथे मात्र गळणाऱ्या प्रत्येक खपलीत किडे असतात आणि खपलीच्या आधाराने ते अंगाबाहेरही काही दिवस तग धरतात. चादर अंगणात झटकू नका, हळूच आत दुमडून उचला आणि थेट गरम पाण्यात घाला. पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. बंबातून काढलेलं, हात घालवत नाही इतकं गरम पाणी बादलीत घेऊन त्यात कपडे किमान दहा मिनिटं पूर्ण बुडवून ठेवा. ५० अंशाला दहा मिनिटांत किडे मरतात, पण गार कपडे टाकले की पाणी निवतं, म्हणून सुरुवात जास्त गरम पाण्याने करायची. वाकळ, उशी, ब्लँकेट असं धुता न येणारं सगळं मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. खोली कोरड्या झाडूने झाडली की भुसा उडतो, त्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं गरम पाण्यात धुवा. खुर्चीचे हात, चाकाची खुर्ची, कंगवा, रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा हे सहज विसरतं. ही सगळी कामं आण्णांना मलम लावल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि पहिला आठवडाभर अंगाखालची चादर रोज बदलायची. सांभाळणाऱ्याने हातमोजे आणि लांब बाह्यांचा जुना शर्ट घालावा, काम झालं की तोही गरम पाण्यात. फिजिओथेरपिस्ट आणि दाढीला येणारे यांना पहिले दोन आठवडे थांबवा.

घरात उपचार चालू असताना ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती म्हणजे भेगांतून शिरणारे जंतू. क्रस्टेड खरजेत माणसं दगावतात ती बहुतेक त्या जंतूंनी रक्तात शिरकाव केल्यामुळे. पोपड्याखालून पू, वास, भोवती गरम लाल सूज दिसली तर प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. वृद्ध माणसाला, त्यातही मेथोट्रेक्सेटवर असलेल्याला, ताप येईलच असं नाही. नेहमीपेक्षा जास्त झोपणं, जेवायला तोंड न उघडणं, लघवी कमी होणं, श्वास जोरात चालणं, हातपाय गार पडणं, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या, आणि दारातच खरजेची शंका सांगा. तसं सांगितलं नाही तर वॉर्डातल्या परिचारिका आणि शेजारच्या खाटांवरचे रुग्ण पुढच्या महिन्यात खाजवत बसतात. पोपडे खूप पसरले असतील किंवा घरी एवढी कामं उरकणारं माणूस नसेल, तर पहिला आठवडा रुग्णालयात वेगळ्या खोलीत काढणंच बरं.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक जोड : आठ महिने ती गोळी चालू आहे म्हणजे रक्तातल्या पेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी अलीकडे झाली आहे का ते पाहा. नसेल तर आता एकत्रच करा. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी मलमाऐवजी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी कित्येक महिने चालू असेल, तर ती एकदम बंद करू नका. ती डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळूच उतरवायची असते.

उपचार लागू पडतो आहे हे कसं ओळखायचं? पहिल्या दोन आठवड्यांत पोपडे मऊ होऊन मोठ्या तुकड्यांनी सुटू लागतात आणि खाली गुलाबी, पातळ त्वचा दिसते. या काळात आण्णांची खाज वाढू शकते. दबलेली प्रतिकारशक्ती परत येत असते आणि मेलेल्या किड्यांवरही ती प्रतिक्रिया देते. ती बघून घाबरून पुन्हा क्लोबेटासोलकडे जाऊ नका. साधं मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी दिलेली खाजेची गोळी पुरते. गोळीने आण्णांना जास्त झोप लागत असेल तर ती बदलून घ्या. तुमची, पत्नीची आणि मावशींची खाजही दोन ते चार आठवडे टिकू शकते. त्या काळात रोज मलम लावत बसलात तर त्वचा जळजळून नवी खाज सुरू होते. चार आठवड्यांनंतरही नव्या पुटकुळ्या किंवा बोगदे दिसले तर मात्र लागण पुन्हा झाली आहे, आणि ती कुठून आली ते शोधायचं. बहुतेक वेळा उत्तर उपचार न घेतलेल्या माणसात किंवा आण्णांच्या नखाखाली मिळतं.

नखं हा शेवटचा अड्डा असतो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटरच वाढतं. म्हणजे पूर्ण निरोगी नख यायला सहा महिने जातात, पायाच्या अंगठ्याला त्याहून बरेच जास्त. अंग स्वच्छ झाल्यावरही जाड नखं दर आठवड्याला कापत राहा आणि मलम चालू असेपर्यंत प्रत्येक वेळी नखाखाली भरा. शेवटच्या गोळीनंतर नखाखालचा आणि कोपराचा नमुना पुन्हा काचपट्टीवर तपासून घ्या. त्यात जिवंत किडे किंवा अंडी दिसली तर गोळ्यांचे दिवस वाढवावे लागतात. नाही दिसली तर महिन्याने एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा डॉक्टरांना दाखवा. त्या भेटीत बेचक्या, कुल्ल्यांची फट, कानांमागची जागा आणि वीसही नखं पाहायला सांगा.

तेव्हाही एखादा चंदेरी खपलीचा, स्पष्ट कडेचा चट्टा राहिलाच, आणि त्याच्या नमुन्यात काही सापडलं नाही, तर आण्णांना सोरायसिसही असू शकतो. दोन्ही आजार एका माणसात असतात. त्यावेळी त्या चट्ट्याचा तुकडा तपासून सोरायसिसचा उपचार नव्याने ठरवता येईल.